केळं न घातलेलं दूध

सावद्यात रतिलाल आचाऱ्याचा विषय निघाला की लोक आधी त्याच्या बट्टीचं नाव घेत नसत, वांग्याच्या भाजीचंही घेत नसत. दुधाचं घेत. मोठ्या पातेल्यात दूध आटवायचं, चुलाणावरून उतरवायचं, आणि हात सोसेल इतकं निवलं की बाही वर सरकवून उजवा हात कोपरापर्यंत आत घालायचा, ही त्याची पद्धत. वर धरलेली जाड साय तो बोटांत धरून हळूहळू चुरायचा आणि दुधातच मोडायचा. झाऱ्यानं मोडली तर सायीच्या चिंध्या होतात, हातानं मोडली तर दुधाला रवा पडतो, असं त्याचं म्हणणं. त्या दुधात वेलची, साखर आणि पंगत बसता बसता केळ्याच्या चकत्या. असं शिकरण रावेर तालुक्यात दुसरीकडे मिळत नाही, असं खाणारे सांगायचे. रतिलाल मान खाली घालून ऐकायचा, पण ऐकायचा मात्र पूर्ण.

त्याच्या प्रत्येक कामावर भांडी घासायला भागाबाई असे. विधवा बाई, केसांचा कापूस झालेला, रक्तदाबाची गोळी चालू, तरी पातेल्यात अर्धी उतरून राखेनं तळ घासायची. तिचा मुलगा वना केळीचे घड कापण्याच्या टोळीत होता. काम संपलं की रतिलाल तिच्यासाठी डब्यात काही ना काही काढून ठेवायचा आणि ती म्हणायची, "रतीभाऊ, तुमच्या हातचं हाय म्हनून नेते. दुसऱ्याचं उष्टं म्या नेलं नसतं." उष्टं ते नसायचंच. पण हे ती दर वेळी म्हणायची आणि दर वेळी त्याला बरं वाटायचं.

त्या वर्षी वैशाखात प्रेमराज पाटलांच्या ऋतिकाचा साखरपुडा ठरला. मुलगा धुळ्याचा. प्रेमराजची केळीची बाग गावाला लागून, आणि बागेतल्या शेडमध्येच मांडव. "रतीभाऊ, धुळ्याच्या मानसायले दाखवू सावद्याचं केळं काय असते ते," प्रेमराज म्हणाला. "शिकरणच पाहिजे. पन दूध आदल्या संध्याकाळी आटवून ठेवा. सकाळी पाहुणे येतीन, तेव्हा धूर अन् धांदल नको."

"उन्हाळ्याचं दूध हाय. सकाळी आटवलं तर बरं," रतिलाल म्हणाला.

"आटवलेलं दूध कुठी नासते? तुम्हीच सांगता ना, आटवलेलं टिकते म्हनून."

हे रतिलालनंच कधीतरी सांगितलं होतं. त्यानं दूध संध्याकाळीच मागवलं.

त्या आठवड्यात त्याचा उजवा अंगठा दुखत होता. आधीच्या कामावर वांगी चिरताना विळीनं कापला होता, आणि जखम वरून मिटली तरी आत ठसठसत होती. नखाच्या बाजूला पिवळा फोड आला होता. लताबाईनं, त्याच्या बायकोनं, हळद लावून चिंधी बांधून दिली होती. संध्याकाळी दूध उतरलं, कोमट झालं, आणि साय मोडायची वेळ आली तेव्हा त्यानं चिंधी सोडून खिशात घातली. दुधात चिंधी कशी घालायची, एवढाच विचार त्यानं केला. हात धुतला, बाही सरकवली आणि साय मोडली. रवा सुरेख पडला. मग पातेल्यावर कापड बांधून ते तसंच शेडमध्ये ठेवलं. वैशाखातली हवा रात्रभर तापलेलीच होती. पहाटे त्यानं पातेल्याला हात लावला, तर ते अजून कोमट. वास चांगला, चव चांगली. त्यानं पुन्हा एक उकळी दिली, खाली परातीत पाणी घालून गार केलं, आणि पंगत बसता बसता अर्ध्या दुधात केळी घातली. अर्धं दुसऱ्या पंगतीसाठी तसंच ठेवलं, कारण केळं घालून ठेवलं की काळं पडतं.

पहिली पंगत उठली तेव्हा धुळ्याची माणसं बोटं चाटत होती. लहान पोरांना केळं नको होतं, त्यांनी नुसतं दूध वाट्या भरभरून मागितलं. मग अंगठ्या झाल्या, फोटो झाले. दुपार कलायच्या आत शेडच्या मागे पहिलं पोर ओकलं. मग त्याची आई. मग नवऱ्या मुलाचे काका. बघता बघता बागेच्या पाटावर माणसं ओणवी बसली. प्रेमराज इकडून तिकडे धावत होता, आणि ऋतिका नव्या शालूत आपल्या होणाऱ्या सासूचं कपाळ धरून उभी होती.

काकांनी तोंड धुतलं आणि मांडवात येऊन खुर्चीवर अंग टाकलं. "आमनाकडे दूधमा केळं कोनी टाकत नही, भो," ते अहिराणीत म्हणाले. "हाई बठ्ठं त्या केळानंच काम शे. केळं अन् दूध म्हंजे पोटमा जहर."

"म्हंजे आम्ही रोज जहर खातो का?" प्रेमराजच्या भावकीतला एकजण तडकला. "मी शिकरणावर वाढलो. पाहा माह्याकडे!"

"तेच पाहत शे," काका म्हणाले, आणि पुन्हा उठून पाटाकडे गेले.

कोणाच्या तरी मोबाईलवर एक लांबलचक संदेश निघाला. दुधाबरोबर काय काय खाऊ नये, याची यादी होती: केळं, आंबट फळ, मासे, मीठ. माशावर दही खाल्लं तर कोड फुटतं, दुधात मीठ पडलं तर रक्त नासतं. तो मोठ्यानं वाचून दाखवला गेला आणि ज्याच्या त्याच्या फोनवर गेला. दुसऱ्या पंगतीचं शिकरण तिथंच थांबलं. उशिरा आलेल्या माणसांनी बट्टीबरोबर नुसती केळी खाल्ली.

मग सगळ्यांचे डोळे रतिलालकडे वळले. केळं घालणारा हात त्याचा होता.

आचाऱ्याला नावाशिवाय दुसरं काय असतं? आणि त्या घटकेला त्याला त्या संदेशातच एक वाट दिसली. दोष केळ्या-दुधाच्या एकत्र येण्याचा असेल, तर दूध निर्दोष होतं. केळं तर प्रेमराजचं, शिकरणाचा हट्टही प्रेमराजचा. तो पुढं झाला. "माह्या दुधात खोट नही," तो म्हणाला. "केळं न घातलेलं दूध अजून तसंच हाय. पाहा." त्यानं पातेलं चुलाणावर चढवलं, खळखळून उकळी आणली आणि सगळ्यांसमोर एक वाटी पिऊन दाखवली. पोरांनीही नुसतंच दूध प्यायलं होतं, हे त्या गोंधळात कोणाला आठवलं नाही. त्यालाही नाही.

भागाबाई भांड्यांपाशी बसली होती. सकाळपासून तिनं चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. त्यानं तिचा डबा काठोकाठ भरला.

"लोक घाबरू राह्यले, रतीभाऊ," ती म्हणाली.

"तू घाबरते का?"

"म्या कशाले घाबरू? तुमचा हात म्या काय आज पाहते का?" तिनं डबा पदराखाली घेतला. उरलेलं दूध कोणी घेईना म्हणून पाटात ओतलं गेलं, आणि जायच्या आधी तिनं रिकामं पातेलं राखेनं लख्ख घासून उन्हात पालथं घातलं.

सूर्य मावळायच्या सुमाराला रतिलालच्या पोटात पीळ बसला. एकामागून एक उलट्या होऊ लागल्या. लताबाईनं त्याला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं साखरपुड्याचीच माणसं गाद्यांवर, बाकांवर, जमिनीवर पडली होती. डॉक्टर कामिनी नावाच्या तरुण बाई एकट्याच सगळ्यांना बघत होत्या. प्रत्येकाला त्या एकच विचारत: काय खाल्लं, केव्हा खाल्लं, उलटी केव्हा झाली, ताप आहे का.

रतिलालपाशी आल्या तेव्हा तो म्हणाला, "केळ्या-दुधानं झालं, बाई. सगळे म्हनून राह्यले."

"तुम्ही केळं खाल्लं?"

"नही. नुसतं दूध."

"मग?" त्या स्टुलावर बसल्या. दमल्या होत्या, पण आवाज चढवला नाही. "काका, पोटात आम्ल असतं. दूध आत गेलं की तसंही फाटतं, केळं असो नसो. फाटलं की मगच ते पचतं. केळं, दूध, बट्टी, सगळ्याचा आत एकच लगदा होतो. एखाद्याला दूध सोसत नाही, त्याला गॅस होतो, पोट बिघडतं. पण मांडवच्या मांडव असा ओकत नाही. इथं नुसतं दूध प्यायलेली पोरं सगळ्यात जास्त आजारी आहेत. नुसती केळी खाल्लेले लोक धडधाकट आहेत, ते तर यांना घेऊन आलेत. केळ्याचा काय संबंध? जे होतं ते दुधात होतं."

"दूध मी दोनदा उकळलं."

"उकळून जंतू मरतात. पण काही जंतू आधीच दुधात विष सोडून ठेवतात. ते विष उकळीनं जात नाही. वासाला कळत नाही, चवीला कळत नाही. दूध रात्रभर कोमट राहिलं होतं का?"

रतिलालनं मान हलवली.

सलाईन लावायला त्यांनी त्याचा हात हातात घेतला, आणि तिथंच थांबल्या. अंगठा उजेडाकडे वळवला. "हे कधीपासून?"

त्यानं सांगितलं.

"या हातानं दुधात काही केलंत?"

लताबाई म्हणाली, "साय मोडली. त्याईची पद्धतच हाय ती."

डॉक्टरांनी डाव्या हाताला सुई लावली. "अशा पिकलेल्या जखमेत तेच जंतू असतात," त्या म्हणाल्या. "खात्रीनं सांगायला दुधाचा नमुना लागेल. आहे का थोडं?"

"भांडं घासलं," रतिलाल म्हणाला. आणि मग एकदम उठून बसला, इतक्या झटक्यानं की सुई निसटली. "भागाबाई! लता, वनाले फोन लाव."

फोन वनानं उचलला. आई दिवस मावळल्यापासून ओकत होती. आता जुलाबही चालू होते. त्याच्या बायकोनं 'मांडवातलं दूध मले नको' म्हणून तोंड फिरवलं होतं, तेव्हा म्हातारीनं ते वाया जायला नको म्हणून एकटीनंच संपवलं होतं.

डॉक्टरांनी फोन घेतला. "मीठ-साखरेचं पाणी द्या, घोटघोट. ताक असेल तर मीठ घालून ताक द्या. आणि लगेच इकडे आणा. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती आज देऊ नका."

"मीठ?" वनाचा आवाज बारीक झाला. "बाई, पोटात दूध हाय ना. दुधावर मीठ कसं देऊ? मोबाईलवर आलं हाय."

"अहो, दूध पोटात कधीच फाटलंय. द्या तुम्ही! पाणी कमी पडलं तर आई जाईल."

"बरं, बरं," वना म्हणाला. पण त्यानं दिलं नाही. हे नंतर कळलं. त्यानं बायकोला विचारलं, बायकोनं शेजारणीला, आणि शेजारीण म्हणाली की रात्रभर पोट रिकामं ठेवा, सगळं आपोआप निघून जाईल. म्हातारी पाणी मागत होती तर तिचे नुसते ओठ ओले केले. सकाळी तिला आणलं तेव्हा डोळे खोल गेले होते आणि कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. डॉक्टरांना शीर सापडेना. सापडली, सलाईन चढू लागलं, आणि बाटली निम्मीही झाली नव्हती तेव्हा भागाबाई गेली. रतिलाल पलीकडच्या खाटेवर होता. तिचा हात खाटेवरून खाली लोंबत होता. राखेनं बोटांच्या टोकांना पडलेल्या काळ्या भेगा त्याला तिथून दिसत होत्या.

बाकीचे सगळे वाचले. दोन दिवसांत घरी गेले. साखरपुडाही मोडला नाही. धुळ्याचे काका जाताना प्रेमराजला म्हणाले, "तुमना दोष नही. केळा-दूधना दोष." प्रेमराजला ते पटलं. गावालाही पटलं. त्यात कोणाचंच नाव येत नव्हतं.

रतिलालला चालता येऊ लागलं तसा तो वनाच्या घरी गेला. वना ओट्यावर बसला होता, डोक्याचे केस काढलेले. रतिलाल त्याच्यासमोर खाली बसला आणि अंगठा पुढं केला. त्याला आता पांढरी पट्टी होती.

"वना, तुही माय माह्या हातानं गेली. अंगठा पिकला व्हता. तोच दुधात घातला."

वनानं पट्टीचा हात हळूच बाजूला सारला. "नाना, मनाले नका लावून घेऊ. साऱ्या गावाले मालूम हाय, केळ्या-दुधानं झालं."

"तिनं केळं खाल्लंच नही. केळं न घातलेलं दूध म्या तिले देल्लं."

"मांडवात खाल्लं असंन एखादं."

"नही खाल्लं. मी तिथीच व्हतो."

वनाच्या कपाळावर आठी पडली. तो हळू बोलला, जणू आतापर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं. "मंग मीठ. सलाईनमधी मीठच असते ना? आम्ही घरी देल्लं नही, तर त्या बाईनं शिरेतून घातलं. तोपावेतो माय बोलत व्हती, नाना. सुई लावली अन् गेली."

"तसं नही रे. त्या बाईनं वाचवाले पाह्यलं. मीठ-पान्यानंच मी वाचलो. मलेही तेच लावलं व्हतं."

"तुमच्या पोटात एकच वाटी व्हती," वना म्हणाला.

वनाच्या बायकोनं चहा आणला. काळा. घरात सुतक होतं म्हणून, की दुधाची भीती बसली होती म्हणून, हे त्यानं विचारलं नाही. उठताना वना म्हणाला, "सुतक फिटलं की गंधमुक्तीचं जेवन हाय, या नाना. मायची इच्छा असती, तुमच्या देखरेखीत व्हावं. खीर करू. केळं नही टाकनार, भिऊ नका."

"येतो," रतिलाल म्हणाला. "मी हात लावनार नही. डॉक्टरबाईनं मना केलं हाय. पन दूध सकाळीच आना. सकाळीच आटवा. एवढं ऐक."

"हो, हो."

गंधमुक्तीच्या दिवशी तो दिवस उगवता उगवता वनाच्या दारात पोचला. अंगणात चुलाण थंड होतं. बाजूला, भिंतीच्या आडोशाला, भाड्यानं आणलेलं मोठं पातेलं कापड बांधून ठेवलेलं. वनाचा साला पुना दात घासत होता. बहिणीच्या घरचं काम म्हणून एरंडोलहून आला होता. पाहुण्याचा उत्साह त्याच्या अंगात अजून होता.

"या नाना! तुमचं काम मीच करून टाकलं. रात्रीच आटवलं. सकाळी कोन धांदल करंन? अन् साय तुमच्यावानी हातानं मोडली. वना बोलला, नानाची तीच खुबी हाय."

रतिलालनं पातेल्याच्या पोटाला पालथा हात लावला. कोमट.

त्यानं कापड सोडलं. दूध पिवळसर, दाट, वेलचीच्या वासाचं. रवा पडला होता. त्याच्यापेक्षा थोडा जाड, पण पडला होता.

"पुना, हात दाखव."

"काय?"

"हात दाखव तुहे."

पुनानं हसत दोन्ही पंजे पुढं केले. केळी कापणाऱ्याचे नव्हते ते, पण कष्टाचेच होते. जुने घट्टे, एक-दोन ओरखडे. एका बोटावर खपली होती. नवी की जुनी, रतिलालला ओळखता आलं नाही. डॉक्टरबाईंना ओळखता आली असती का, कोण जाणे.

"हे दूध देऊ नका," तो म्हणाला. "फेका हे. दुसरं आना, मी पैसे देतो."

तोवर वना बाहेर आला होता, आणि भावकीतले दोन म्हातारे. "नाना, केळं टाकलं नही त्यात," वना समजुतीच्या सुरात म्हणाला. "मीठही नही. मी सोताच उभा व्हतो."

"केळ्याचं नही रे, वना! रात्रीचं हाय. कोमट हाय. हात घातलेलं हाय."

"मंग तुम्ही इतकी वर्षं काय घालत व्हते?" पुनानं विचारलं. टोमणा नव्हता त्यात. त्याला खरंच कळत नव्हतं.

रतिलालला उत्तर माहीत होतं. तेही हात घातलेलं दूध कधी ना कधी कोणाला बाधलं असेल, आणि त्या रात्री कोणीतरी म्हणालं असेल, उन्हानं झालं, नजर लागली, फळावर पाणी प्यायलं. पण हे बोलायला लागला असता तर लोकांनी त्याला धरून खाटेवर बसवलं असतं, पाणी पाजलं असतं, आणि पंगत बसली असती. त्यानं डावा हात पातेल्याच्या कड्यात घातला, उजव्याचं कोपर खाली लावलं, आणि सगळा भार टाकून ते कलंडवलं.

दूध अंगणभर पसरलं. तुळशीच्या कुंडीपर्यंत गेलं, चुलाणाच्या राखेत शिरलं.

मग वनाची बायको दारातून किंचाळली. मेलेल्या माणसाच्या दिवशी दूध सांडणं म्हणजे काय, हे कोणाला सांगावं लागत नव्हतं. पुनानं त्याची गचांडी धरली. म्हाताऱ्यांपैकी एकजण म्हणाला, "सोड रे. याचं डोकं ठिकानावर नही राह्यलं." वनानं मात्र त्याच्याकडे पाहिलंही नाही. तो सांडलेल्या दुधाकडे पाहत म्हणाला, "मायच्या नावचं व्हतं ते, नाना. मायच्या नावचं." आणि आत गेला.

रतिलालला कोणी जा म्हणालं नाही, बसही म्हणालं नाही. दूध मातीत मुरत होतं आणि जिथं मुरत नव्हतं तिथं त्याची डबकी झाली होती. गल्लीतली कुत्री वासानं आली. त्यानं चुलाणाजवळचं एक लाकूड उचललं आणि त्यांना हाकलू लागला. एक गेलं की दुसरं यायचं. आत बट्टी भाजल्याचा वास सुटला, पंगत बसली, खिरीशिवाय जेवणं सुरू झाली, आणि तो दारात लाकूड घेऊन उभाच होता. त्या दुधात काही होतं की नव्हतं, हे आता कोणालाच कळणार नव्हतं. त्यालाही नाही.

त्यानंतर रतिलालला कोणी कामाला बोलावलं नाही. सावद्यात पंगतीला आता शिकरण करत नाहीत. आटवलेलं दूध मात्र असतं. आदल्या संध्याकाळी करून ठेवतात.